हापूस खरंच पिकलाय का, हे सुरी न लावता ओळखताना

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. दरवर्षी एप्रिलमध्ये हापूसची पेटी घेतो. कधी बाहेरून पिवळाधमक आणि हाताला मऊ लागणारा आंबा कापला की आत फिकट आणि आंबट निघतो. कधी हिरवट राहिलेला आंबाच अप्रतिम गोड लागतो. न कापता आंबा खरंच पिकलाय हे कसं ओळखायचं?

उत्तर :

तुमच्या दोन्ही आंब्यांचं कोडं एकाच ठिकाणी सुटतं. आंबा आधी झाडावर तयार व्हावा लागतो आणि मग उतरवल्यावर पिकावा लागतो. बाजारात आपण फक्त दुसरी गोष्ट तपासतो, कारण रंग आणि मऊपणा लगेच कळतो. पहिली गोष्ट तपासलीच नाही तर फसायला होतं.

झाडावर असताना फळात पिष्ट साठत जातं. फळ उतरवलं की झाडाकडून येणारा पुरवठा थांबतो. पुढच्या दिवसांत त्या साठलेल्या पिष्टाची साखर होते आणि आंबटपणा उतरत जातो. आता फळ कोवळं असतानाच काढलं, तर साखर व्हायला आत फारसं काही नसतंच. पण साल पिवळी होणं आणि गर मऊ पडणं या क्रिया त्या साठ्यावर अवलंबून नाहीत, त्या कोवळ्या फळातही होतात. म्हणून तुमच्या हाती पिवळा, मऊ आणि आंबट आंबा आला. असा आंबा आणखी आठ दिवस ठेवला तरी गोड होणार नाही, तो सुकेल किंवा कुजेल. उलट तो हिरवट गोड आंबा झाडावर पूर्ण तयार झालेला होता, फक्त त्याच्या सालीतला हिरवा रंग पुरता गेलेला नव्हता. पानांच्या दाट सावलीत वाढलेल्या फळांचं असं पुष्कळदा होतं.

मी रत्नागिरीकडचा, बागेतला आणि अढीतला माणूस. त्यामुळे जे सांगतो आहे ते हापूसबद्दल आहे. इतर जातींबद्दल शेवटाकडे थोडं बोलेन.

तर आधी, फळ तयार होतं का हे कसं बघायचं. आंबा हातात घ्या, देठाची बाजू वर करा आणि डोळ्यांच्या पातळीला आणून बाजूने बघा. देठाच्या दोन्ही बाजूंना फळाचा जो फुगवटा असतो त्याला आम्ही खांदे म्हणतो. कोवळ्या फळात खांदे उतरते असतात आणि देठ सगळ्यात उंच टोकावर बसलेला दिसतो. फळ भरत जातं तसे खांदे वर येतात, देठाच्या पातळीला पोचतात आणि मग त्याच्याही वर जातात. पूर्ण तयार हापूसमध्ये देठ एका खळगीत बसलेला असतो. ही खूण मला सगळ्यात विश्वासाची वाटते, कारण तिचा पिकण्याशी काही संबंध नाही. आंबा कसाही पिकवा, अढीत, चेंबरमध्ये किंवा घरात तांदळाच्या डब्यात, खांदे आणि खळगी बदलत नाहीत. फळ काढलं त्या दिवशी ते जसे होते तसेच तुमच्या हातात येतात. पिवळ्या रंगाखाली कोवळेपण लपवता येतं, उतरते खांदे लपवता येत नाहीत.

खांद्यांबरोबर गाल बघा. भरलेल्या फळाचे दोन्ही गाल गोलसर असतात आणि ते फळ बोटांत चपटं लागत नाही. सालीवरचे बारीक ठिपकेही बघा. कोवळ्या फळात ते जेमतेम दिसतात, तयार फळात ठळक आणि विरळ होतात, कारण साल ताणली गेलेली असते. वजनाचं म्हणाल तर एकाच आकाराची दोन फळं दोन हातांत घेऊन बघितली तरच त्याला अर्थ आहे. वेगवेगळ्या आकाराच्या फळांची तुलना करून काही कळत नाही.

इथे बाजाराची एक गोष्ट सांगायला हवी. बागायतदार फळ काढताना आण्यांत बोलतो. सोळा आणे म्हणजे झाडावर पूर्ण तयार. लांब पाठवायचा माल साधारण चौदा आणे तयार असताना काढतात, आणि तेच बरोबर आहे. चौदा आण्याचं फळ अढीत व्यवस्थित पिकतं, प्रवासात टिकतं आणि त्याची चव उतरत नाही. झाडावरची एक-दोन फळं आपोआप पिकून पडू लागली, म्हणजे पाड लागला, की त्या झाडावरचा बाकीचा माल तयारीला आल्याचं समजतात. शंका असली तर नमुन्याचं एक फळ कापून बघतात. बाठा टणक झालेला आणि बाठ्याजवळच्या गराला पिवळसर झाक आलेली दिसली की काढणी सुरू होते. अडचण येते ती हंगामाच्या सुरुवातीला. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव चढा असतो, पाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेला मागणी एकदम वाढते, आणि दहा-बारा आण्याची फळंही पेटीत जाऊन बसतात. म्हणून मार्चमधल्या पेटीत खांदे जितके बारकाईने बघाल तितके मेच्या पहिल्या आठवड्यातल्या पेटीत बघावे लागत नाहीत.

कच्ची पेटी घेऊन घरी पिकवत असाल तर तुमच्याकडे आणखी एक चांगला उपाय आहे. आंबे अजून टणक आणि हिरवे असताना बादलीभर पाण्यात एकेक सोडा. तयार फळ पाण्यापेक्षा किंचित जड असतं, ते तळाला जातं. कोवळं फळ तरंगतं. मध्येच लटकून राहणारं फळ काठावरचं असतं, ते पिकेल पण चव बेताची असेल. तरंगणारी फळं बाजूला काढा आणि त्यांचं पन्हं किंवा लोणचं करा, त्यांच्या पिकण्याची वाट बघू नका. मात्र ही परीक्षा कच्च्या फळापुरतीच आहे. पिकताना फळातलं पाणी कमी होतं आणि आतला गर बदलतो, त्यामुळे पिकल्या आंब्यावर तिचा भरवसा धरू नका. आणि पाण्यातून काढल्यावर प्रत्येक फळ कोरडं पुसा, विशेषतः देठाची खळगी. तिथे पाणी राहिलं की कूज तिथूनच सुरू होते.

आता पिकण्याकडे येऊ. हापूसचा गर बाठ्याच्या बाजूने बदलायला लागतो आणि तो बदल सालीकडे येत जातो. बाठ्याजवळचा गर आधी पिवळा-केशरी होतो, सालीखालचा थर त्यानंतर. त्यामुळे सावकाश पिकलेल्या आंब्यात साल पिवळी व्हायच्या आधी आतलं बरंच काम झालेलं असतं. जबरदस्तीने पिकवलेल्या आंब्यात ही चाल उलटते. साल झपाट्याने रंगते आणि आतला गर मागे राहतो. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवून पिकवलेल्या मालात हे फार दिसतं. कार्बाइडने फळं पिकवण्याला आपल्या देशात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायू सोडलेल्या चेंबरमध्ये पिकवायला परवानगी आहे आणि त्यात काही वावगं नाही, कारण तोच वायू आंबा स्वतःही सोडत असतो. पण चेंबरमधून नुकत्याच निघालेल्या आंब्याचा रंगही चवीच्या एक-दोन दिवस पुढे असू शकतो. चेंबर कोवळ्या आंब्याला तयार करू शकत नाही, ही मर्यादा विक्रेते सांगत नाहीत.

म्हणून रंगाला मी पहिल्या नव्हे तर शेवटच्या खुणेची जागा देतो. रंगातून एक गोष्ट मात्र उपयोगाची कळते, आणि ती एका फळात नाही तर सगळ्या पेटीत बघायची असते. कोकणात मोहोर एकाच वेळी येत नाही, दोन-तीन टप्प्यांत येतो. एकाच झाडावरच्या फळांमध्ये त्यामुळे काही दिवसांचा, कधी काही आठवड्यांचा फरक असतो. अढीत सावकाश पिकलेल्या पेटीत म्हणून काही फळं पूर्ण पिवळी, काही खांद्याशी हिरवट, काही अजून निम्मी हिरवी अशी मिसळ दिसते. पेटीतलं प्रत्येक फळ एकसारखं लिंबासारखं पिवळं दिसत असेल तर ते जोर लावून रंगवलेलं असण्याची शक्यता धरा आणि वासाची परीक्षा जास्त कडक घ्या. नुसत्या रंगावरून कार्बाइड वापरलंच आहे असं सिद्ध होत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. पण आंबा खाण्याजोगा आहे का हे ठरवायला तुम्हाला ते सिद्ध करण्याची गरजही नाही.

वास घेताना बहुतेक लोक आंबा नाकापाशी नेऊन गालाचा वास घेतात. गालावर वास उशिरा आणि कमी येतो. देठाच्या खळगीशी नाक न्या आणि सावकाश श्वास घ्या. तिथे तुम्हाला दोनपैकी एक वास येईल. एक कैरीचा, हिरवा, थोडा राळेसारखा, चीक आठवून देणारा. दुसरा गोड, दाट, तोंडाला पाणी आणणारा. हे एकाच वासाचे कमी-जास्त प्रकार नव्हेत, ते वेगवेगळ्या द्रव्यांचे वास आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच काम झालेलं आहे. कच्च्या फळात टर्पीन नावाच्या गटातली द्रव्यं असतात, कैरीचा वास त्यातलाच. लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही गोड वासाची द्रव्यं फळ पिकत आल्यावर तयार होतात. म्हणून वास नुसता येतो का एवढंच विचारून भागत नाही, कुठला येतो ते बघा. बाजारात पेटी उघडल्यावर जो घमघमाट येतो तो पेटीतल्या चार पिकलेल्या आंब्यांचाही असू शकतो. तुमच्या हातातलं फळ पेटीपासून दोन हात लांब घेऊन मग हुंगा.

वासाची परीक्षा कुठे कमी पडते तेही सांगतो. फ्रिजमधून किंवा थंड गोदामातून काढलेल्या आंब्याला वास जवळजवळ येत नाही. असा आंबा तास-दोन तास बाहेर ठेवून मग बघा. आणि वास गोड असला तरी त्यात आंबूस, दारूसारखी झाक लागली तर फळ पुढे गेलेलं आहे, आत आंबायला सुरुवात झाली आहे.

वासानंतर दाब. इथे मात्र मी सगळ्या गिऱ्हाइकांना विनवणी करतो की अंगठ्याने आंबा दाबू नका. अंगठ्याच्या दाबाने सालीखालचा गर एका ठिकाणी चिरडतो, वरून काही दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग उमटतो. शिवाय अंगठ्याला फक्त सालीखालचा पातळ थर कळतो. आपल्याला हवा आहे तो खोलवरचा अंदाज. आंबा तळव्यात आडवा धरा, एका गालावर चार बोटं सपाट टेकवा, दुसऱ्या गालावर अंगठ्याखालचा मांसल भाग. मग सगळ्या हाताने सावकाश आणि अगदी थोडा आवळा. कच्चं फळ मुळीच दबत नाही. अर्धवट पिकलेल्या फळात वरचा थर किंचित दबतो आणि लगेच खाली टणक काहीतरी लागतं. हे खाली लागणारं टणकपण फार महत्त्वाचं, कारण रंगवलेला आंबा नेमका इथे पकडला जातो. पिकलेला हापूस सगळीकडे सारखा दबतो आणि सोडल्यावर सावकाश मूळ आकाराला येतो. पुढे गेलेलं फळ दबतं ते दबलेलंच राहतं, आणि सालीखाली पातळ काहीतरी सरकल्यासारखं वाटतं.

एकाच जागी आवळून थांबू नका. गाल झाले की देठाजवळचे खांदे आणि मग खालचं टोक, अशा तीन जागा तपासा. तिन्ही जागी मऊपणा सारखा असेल तर फळ पिकलं. टोकाशी मऊ आणि खांद्याशी टणक असेल तर एक-दोन दिवस बाकी आहेत. एकाच जागी नाण्याएवढा भाग मऊ आणि आजूबाजूला टणक असेल तर ते पिकणं नाही, ती आपट आहे किंवा आत किडीने काम केलेलं आहे. अशा जागी बारीक टोचल्यासारखं भोक आणि भोवती काळपट ओलसर डाग दिसला तर फळमाशी समजा आणि ते फळ बाजूला करा.

कोवळा काढलेला आंबाही मऊ पडतो हे आधी म्हटलं. पण त्याचा मऊपणा वेगळा असतो, आणि एकदा हाताला कळला की विसरत नाही. तो चामट लागतो. दाबला तर वाकतो, पण भरलेपणा जाणवत नाही, साल गरापासून थोडी सुटल्यासारखी वाटते.

यातूनच सुरकुत्यांचा घोटाळा होतो. काही घरांत सुरकुतलेला हापूस सगळ्यात गोड म्हणून शोधून घेतात, काही घरांत तो शिळा म्हणून नाकारतात. दोघंही कधी बरोबर असतात, कधी चूक. भरल्या खांद्याच्या, घमघमणाऱ्या, सारख्या मऊ झालेल्या फळावर अगदी बारीक, नाजूक सुरकुत्या पडल्या असतील तर ते फळ गोडीच्या टोकाला आहे आणि त्याच दिवशी खायला हवं. पण खांदे उतरते, वास नाही आणि देठाभोवती खोल, जाड सुरकुत्या, तर ते कोवळं फळ सुकलेलं आहे. सुरकुती दिसली की डोळे लगेच खांद्यांकडे न्या, निकाल तिथेच लागतो.

देठाचीही थोडी मदत होते. चांगल्या बागेत आंबा झेल्याने, बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून काढतात, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. कच्च्या फळात हा देठ घट्ट बसलेला असतो आणि मोडला तर चिकाचा थेंब येतो. फळ पिकत जातं तसा देठ सुकतो आणि शेवटी बोटाच्या हलक्या धक्क्यानेही सुटतो, चीक येत नाही. दुकानात देठ मोडून बघू नका, पण घरच्या पेटीत ही खूण वापरता येते. बऱ्याच पेट्यांत प्रवासातच देठ पडून गेलेले असतात, त्यामुळे मी तिच्यावर एकटीवर कधी विसंबत नाही.

आता हे सगळं एका पेटीवर कसं चालवायचं ते बघू. समजा एप्रिलच्या मध्यावर पाच डझनांची पेटी घरी आली आहे आणि विक्रेत्याने सांगितलं आहे की आंबे दोन दिवसांत खायला होतील. पेटी उघडून सगळी फळं वर्तमानपत्रावर एका थरात मांडा, देठ वर करून. पहिली फेरी फक्त डोळ्यांनी, आणि फक्त खांद्यांसाठी. ज्या फळांचे खांदे उतरते आहेत ती रंग कितीही सुंदर असला तरी वेगळी काढा. चांगल्या पेटीत अशी थोडीच निघतील. निम्मी पेटी अशी निघाली तर पिकण्याची वाट न बघता त्याच दिवशी विक्रेत्याला खांदे दाखवून बोला. आंबे पिकून सुकल्यावर तक्रार केली तर दोष तुमच्या ठेवण्यावर ढकलला जातो.

दुसरी फेरी नाकाने आणि हाताने, उरलेल्या फळांसाठी. पहिलं फळ घ्या. पूर्ण पिवळं, खांदे भरलेले, देठाशी वास अगदी पुसट आणि तोही कैरीकडे झुकणारा, गाल आवळल्यावर वरून दबतात पण खाली टणक लागतं. हे फळ रंगाने पुढे आणि आतून मागे आहे. त्याला दोन-तीन दिवस द्या, ते छान होईल. कारण खांदे सांगत आहेत की आत साठा आहे. पुष्कळ लोक नेमकं हेच फळ पहिल्या दिवशी कापतात आणि पेटी आंबट निघाली म्हणतात.

दुसरं फळ खांद्याशी हिरवट आहे, पोटाशी पिवळं. देठाशी नाक नेलं तर गोड दाट वास. गाल, खांदे आणि टोक तिन्ही जागी सारखे दबतात. हे आज खा. हिरवा रंग जायची वाट बघाल तर ते पुढे जाईल.

तिसरं फळ केशरी पिवळं, बारीक सुरकुत्या, वास खोलीभर, टोकाशी बरंच मऊ. हे दुसऱ्याच्याही आधी, म्हणजे आजच्या आमरसात. उद्यापर्यंत ठेवू नका.

चौथं फळ हिरवं, टणक, खांदे उत्तम. हे पेंढ्यात परत जाईल. पेटीतला पेंढा टाकून देऊ नका. टोपलीत किंवा खोक्यात पेंढ्याचा थर, त्यावर एकमेकांना न चिकटणारे आंबे, वर पुन्हा पेंढा, आणि हवा खेळेल अशी जागा. झाडावरून काढल्यापासून हापूसला पिकायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, त्यातले काही दिवस प्रवासात आणि दुकानात गेलेलेच असतात. रोज एकदा फळं वरखाली करा आणि खराब होणारं फळ लगेच काढा, कारण त्याच्यामुळे शेजारची फळंही लवकर पुढे जातात.

ही दुसरी फेरी रोज सकाळी, ऊन वाढायच्या आत करा. उष्णतेत एका दिवसात फार फरक पडतो, आणि एप्रिल-मेच्या पुण्यात सकाळी एक दिवस बाकी वाटलेलं फळ संध्याकाळी तयार झालेलं असू शकतं.

फ्रिजबद्दल एक स्पष्ट सांगतो, कारण अनेकांचे आंबे तिथेच बिघडतात. हिरवा किंवा अर्धा पिकलेला आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण 13 अंश सेल्सियसच्या खाली कच्च्या आंब्याला थंडी बाधते. साल करडी पडते, खड्डे पडतात, आणि बाहेर काढल्यावरही तो नीट पिकत नाही, वास तर येतच नाही. असं फळ नंतर वर सांगितलेल्या कुठल्याही परीक्षेत धड उतरत नाही. पूर्ण पिकलेला आंबा मात्र तीन-चार दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही.

दुसऱ्या जातींना हे नियम थोडे बदलून लावा. पायरीच्या खांद्यावरची लाली उन्हामुळे येते, तिचा पिकण्याशी संबंध नाही. पायरी रसाचा आंबा असल्याने पिकल्यावर हापूसपेक्षा पुष्कळ मऊ लागतो, हापूसच्या मापाने तो पुढे गेलाय असं वाटेल. केसर पिकल्यावरही बरेचदा हिरवट राहतो, आणि उत्तरेकडचा लंगडा तर हिरवाच पिकतो. या दोघांत रंग सोडून द्या, देठाशी वास आणि गालाचा दाब एवढंच धरा. तोतापुरी पिकल्यावरही टणकसर राहतो आणि त्याला वासही कमी, त्यामुळे तिथे नाइलाजाने रंग बघावा लागतो.

आणि एक गोष्ट बाहेरून कुणालाच कळत नाही, मलाही नाही. ती म्हणजे साका. आंबा बाहेरून निर्दोष, खांदे भरलेले, वास सुरेख, दाब बरोबर, आणि कापल्यावर बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा, बेचव आंबट गर. हापूसला हा दोष विशेष आहे. जमिनीतून वर येणारी उष्णता हे त्याचं एक कारण मानलं जातं, म्हणून काही बागांत झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करतात. झाडावर जास्त दिवस राहिलेल्या, पूर्ण सोळा आणे झालेल्या फळांत साका जास्त आढळतो, माल चौदा आण्याला काढण्याचं हेही एक कारण आहे. क्ष-किरणांनी न कापता साका दिसतो, पण ते यंत्र तुमच्या-माझ्या घरी नाही. तेव्हा पेटीतल्या एखाद्या सुंदर आंब्यात साका निघाला तर तुमची पारख चुकली असं समजू नका. बाहेरचा थर बहुतेक वेळा चांगला असतो, साक्याचा भाग काढून तो खाता येतो. पेटीत बरेच आंबे साक्याचे निघाले तर मात्र पुढची पेटी वेगळ्या बागेची किंवा हंगामात थोडी आधीची घेऊन बघा.